‘काय वाटतंय?’ या प्रश्नावर माझं उत्तर : छातीत जड वाटतंय

हिशेबनीस

बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मांडणी चुकली तर सांभाळून घ्या.

वय ४४. गेले दहा महिने छातीच्या मधोमध कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं होतं. अर्धा तास, कधी तास, मग आपोआप जातं. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, ट्रेडमिलवर पळवून झालं, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. मधूनमधून डोकं दुखतं, पोटात वर जळजळतं, रात्री जबडा इतका आवळला जातो की सकाळी दात ठणकतात. तीन डॉक्टर झाले. तिसऱ्यांनी विचारलं, ‘‘घरात काही ताण?’’ मी म्हटलं नाही. बायको शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

कारण असं की दहा महिन्यांपूर्वीच आम्ही मुलीला हॉस्टेलवर सोडून आलो. एकुलती एक. परतीच्या वाटेवर बायको रडत होती. मी गाडी चालवत होतो. थोड्या वेळाने मी म्हणालो, ‘‘मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटतेय.’’ यावरून नंतर जे झालं ते सांगत नाही. पण खरं सांगतो, मी काही लपवत नव्हतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात खरोखरच चाक होतं. हवा कमीच होती.

तिच्या आग्रहाखातर समुपदेशकाकडे गेलो. तिथे प्रत्येक वेळी तोच प्रश्न, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ मी घडलं ते क्रमाने सांगायचो. ते म्हणायचे, ‘हे घडलं, पण वाटलं काय?’ मी परत तेच सांगायचो. चौथ्या वेळी त्यांनी एक शब्द दिला : अलेक्सिथायमिया. घरी येऊन वीस प्रश्नांची एक चाचणी भरली, गुण आले ६७.

आता प्रश्न. ज्याला वाटतंय काय हेच कळत नाही, त्याने ते शिकायचं कुठून सुरू करायचं? आणि छातीचा याच्याशी खरंच संबंध असतो, की तपासण्यांत काही सापडलं नाही म्हणून आता मनावर ढकलतायत?

---

टिवल्याबावल्या

दादा, टेन्शन नको. माझ्या भाच्यालाही होतं हे. अक्षरं उलटी दिसायची, ब चा क वाचायचा. खास शिक्षिका लावल्या, आता फर्स्ट क्लासमध्ये आहे. लवकर कळलं हे बरं झालं.

---

शब्दवेडी

@टिवल्याबावल्या, तो डिसलेक्सिया. हा वेगळा प्राणी आहे. मूळ शब्द मात्र चुलत भाऊ म्हणा हवं तर. ग्रीकमधे ‘अ’ म्हणजे नाही, ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द, ‘थायमॉस’ म्हणजे मन किंवा भावना. मनाला शब्द नसणं.

---

टिवल्याबावल्या

ओह. मग आमच्या अख्ख्या खानदानाला आहे.

---

गणूमास्तर

हिशेबनीसराव, आपले निवेदन वाचून वाईट वाटले. आपल्याकडे मुलग्यांना लहानपणापासून ‘रडतोस काय मुलीसारखा’ म्हणून गप्प केले जाते. भावना आत कोंडतात आणि कोंडलेली वाफ कुठून तरी बाहेर पडणारच. ती छातीतून पडते आहे. उपाय एकच, मन मोकळे करा. एखाद्या जवळच्या मित्रापाशी पोटभर रडून घ्या. छाती हलकी झाली नाही तर मला सांगा.

---

हिशेबनीस

मास्तर, आभार. पण रडायला काहीतरी यायला लागतं ना? मित्राकडे गेलोही होतो. दोन तास बसलो, त्याच्या घराचं कर्जाचं वेळापत्रक नीट मांडून दिलं आणि परत आलो.

---

सायली_क्लिनिकल

मी याच क्षेत्रात काम करते. मास्तरांचं निम्मं बरोबर आहे. मुलग्यांना भावनेची भाषा कमी शिकवली जाते आणि त्यामुळे पुरुषांमधे याचं सौम्य रूप जास्त दिसतं, हे संशोधक मांडत आले आहेत. फिनलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत पुरुषांत साधारण १७ टक्के आणि बायकांत १० टक्के प्रमाण आढळलं होतं. म्हणजे बायकाही कमी नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा वेगळी असते, म्हणून लक्षात येत नाही इतकंच.

पण वाफ कोंडल्याचं चित्र इथे बसत नाही. कोंडणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असतं. त्याला राग आलाय हे कळतं, तो गिळतो. रात्री एकटा असताना विचारलंत तर सांगेल, ‘‘हो, फार लागलं मला ते.’’ अलेक्सिथायमियात एकट्यानेही सापडत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, म्हणजे शरीराचं काम बिनचूक चालू असतं. ‘हे सगळं म्हणजे भीती’ किंवा ‘हे म्हणजे विरह’ ही जी जुळणी आपण नकळत करतो ती होत नाही. मग उरतं काय? छातीत जड. आणि छातीत जड झालं की कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडेच जाईल.

म्हणून अशा माणसाला ‘मोकळा हो’ सांगणं म्हणजे किल्लीच नसलेल्याला ‘दार उघड’ सांगण्यासारखं आहे. हिशेबनीस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते, कारण तिथे सावध राहायला हवं. आधी एक सांगा : हे दहा महिन्यांतलं आहे की आधीपासूनचं?

---

हिशेबनीस

आधीपासूनचं. कॉलेजात मित्र म्हणायचे, तुला सिनेमा कसा वाटला विचारलं की तू गोष्ट सांगतोस. लग्न ठरलं तेव्हा सगळे ‘कसं वाटतंय’ विचारत होते, मी ‘चांगलं’ म्हणत होतो. काय म्हणायचं असतं ते ऐकून पाठ केलं होतं. खरं तर तेव्हा आठवडाभर पोट बिघडलं होतं एवढंच आठवतंय.

---

सायली_क्लिनिकल

हे महत्त्वाचं आहे, कारण ६७ या एकट्या आकड्यावर मी विसंबणार नाही. त्या चाचणीत २० ते १०० गुण असतात. ५१ पर्यंत नाही, ६१ पासून पुढे आहे, मधले तळ्यात-मळ्यात. पण नैराश्यात किंवा खूप चिंतेत असलेल्या माणसाचे गुण तसेही वर जातात. बरं वाटू लागलं की थोडे उतरतात. त्यामुळे आकडा बघून ठरवण्यापेक्षा ‘बऱ्या दिवसांतही असंच होतं का?’ हे विचारणं जास्त उपयोगी. तुमचं उत्तर ‘हो’ आहे.

आणखी एक गंमत, जिच्यावर आमच्याकडे वाद चालूच असतो : ज्याला स्वतःच्या भावना कळत नाहीत, त्यालाच आपण विचारतोय की तुला भावना कळतात का! म्हणून शक्य असेल तिथे घरच्या माणसाचं म्हणणंही घेतात. आणि हो, ही प्रवृत्ती आहे, आजार नव्हे. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमधे या नावाचं निदान नाही.

---

निर्मळ

मी टायरच्या बाजूची नाही, रडणाऱ्या बाजूची आहे.

अठरा वर्षं संसार केला. नवरा वाईट नाही. मी आजारी पडले की औषधांची वेळ मिनिटावर पाळणार, रिपोर्टची फाइल करणार. पण माझी बहीण गेल्याचं कळलं त्या रात्री मी पलंगावर बसून होते आणि तो दारात उभा राहून म्हणाला, ‘‘सकाळी किती वाजता निघायचंय?’’ मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का? तो गप्प. मी आवाज चढवला. तो आणखी गप्प. मग त्याची पाठ धरली. दरवेळी हेच. मी रडले की त्याची पाठ धरते. मला वाटायचं नाटकं करतो, माझ्या दुःखातही स्वतःचीच पाठ पुढे.

आठ महिने झाले, वेगळे राहतोय. हा शब्द मला गेल्या वर्षी कळला. कळल्यावर दोन दिवस बरं वाटलं, मग राग आला. शब्द मिळाला म्हणून मी इतकी वर्षं एकटी होते ते पुसलं जातं का? त्याला कळत नव्हतं मान्य. पण दुभाष्याचं काम मीच का करायचं? त्याचंही मीच ओळखायचं आणि माझंही मीच सांभाळायचं.

---

शब्दवेडी

निर्मळताई, नुसतं वाचलं असं कळवते.

---

डॉ_स्टेथो

मी फिजिशियन. थोडक्यात लिहितो.

हिशेबनीस, तपासण्या केल्यात ते योग्य केलंत. ४४व्या वर्षी छातीत दाबल्यासारखं होत असेल तर आधी हृदयच बघायचं, मनाचं नंतर. पुढेही दुखणं नव्या प्रकारचं झालं, चालताना-जिना चढताना येऊ लागलं, हातात किंवा जबड्यात पसरलं, घाम फुटला तर बाकी सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना. ‘माझं मानसिक आहे’ असं ठरवून बसलेल्यांचे झटके मी पाहिले आहेत.

आमच्या बाजूची जुनी चूकही सांगतो. हा शब्द बोस्टनमधल्या पीटर सिफ्नियॉस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला, तो तेव्हा ‘मनोकायिक’ समजल्या जाणाऱ्या रुग्णांना बघून. त्या काळी पोटातला अल्सर हा त्या यादीतला मानाचा आजार. मग १९८२ मधे मार्शल आणि वॉरन यांना अल्सरवाल्यांच्या जठरात जिवाणू सापडला आणि २००५ साली त्यांना नोबेलही मिळालं. तेव्हा ‘भावना बोलत नाही म्हणून अल्सर’ म्हणणाऱ्यांनी जरा दम खावा.

प्रश्न : डोकेदुखीला काय घेता, आणि आठवड्यातून किती वेळा?

---

हिशेबनीस

वेदनाशामक गोळी. आठवड्यातून चार-पाच. बरेचदा रिकाम्या पोटी, कारण दुखायला लागलं की वाट बघत नाही.

---

डॉ_स्टेथो

मग पोटातल्या जळजळीला भावना शोधत बसू नका. ती बहुधा गोळीची आहे. तुमच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का? आणि आठवड्यातून चार-पाच वेदनाशामकं घेतल्यावर डोकेदुखी गोळ्यांमुळेच टिकून राहू शकते, तेही विचारा.

---

हिशेबनीस

सांगितलं नव्हतं. त्यांनी ‘कोणती औषधं चालू आहेत’ विचारलं होतं, मी ‘चालू’ म्हणजे रोजची समजलो.

---

सायली_क्लिनिकल

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत, आणि मला जे सावधपणे म्हणायचं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. भावना ओळखता न येणाऱ्यांमधे शारीरिक तक्रारी जास्त नोंदल्या जातात हे अनेक पाहण्यांत दिसतं. पण जास्त आढळतात म्हणजे भावनांमुळेच होतात असं नाही. काहींना अलेक्सिथायमिया असून अंग कधी कुरकुरत नाही, आणि मनातलं घडाघडा बोलणाऱ्या कितीतरी जणांना जुनाट दुखणी असतात. संबंध सगळ्यात जास्त दिसतो तो ‘ओळखता न येणं’ या भागाशी. नुसतं ‘सांगता न येणं’ तितकं जड जात नाही.

माझी समजूत अशी : तुम्हाला जेव्हा कळतं की ‘ही भीती आहे, उद्याच्या मुलाखतीची’, तेव्हा छातीतल्या धडधडीला कारण मिळतं आणि तुम्ही तिच्याकडे बघणं थांबवता. कारण नाही मिळालं तर लक्ष धडधडीवरच राहतं, आणि लक्ष दिलं की ती मोठी होते. मग तिचीच चिंता. हिशेबनीस, तुमची छाती यात बसते की नाही ते आपण बसून ठरवू शकत नाही, नोंदी करून बघता येईल.

तुम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून वहीच सांगते. चार रकाने. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात शरीर : कुठे, कसं, शून्य ते दहात किती. तिसऱ्यात त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, कोण काय बोललं, अगदी तुमच्या पद्धतीने, नुसत्या घटना. चौथा सगळ्यात महत्त्वाचा : त्या वेळी शरीराला काय करावंसं वाटत होतं? निघून जावंसं, काहीतरी आपटावंसं, आडवं व्हावंसं, कुणाच्या जवळ जावंसं, काहीच नाही.

भावनेचा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. पहिले दोन आठवडे तर मुळीच नाही. तिथे तुम्ही पाठ केलेला शब्द लिहाल. आणि दुखलं तेव्हाच लिहायचं नाही, दिवसातून तीन ठरावीक वेळाही लिहायचं. नाहीतर छाती न दुखतानाचं चित्र कधी दिसणारच नाही.

---

गणूमास्तर

चौथ्या रकान्यामागचे शास्त्र कळले नाही. ‘पळावेसे वाटते’ म्हणजे भीतीच ना? मग सरळ भीती का लिहू नये?

---

सायली_क्लिनिकल

तुम्हाला सरळ आहे मास्तर, त्यांना नाही. ‘भीती वाटतेय का?’ विचारलं तर ते म्हणतील, ‘‘भीती कशाला? तिथे धोका काय होता?’’ ते तर्काने तपासतात, आत बघून नाही. पण पाय दाराकडे वळले होते का, हे त्यांना सांगता येतं.

---

शब्दवेडी

इथे मला एक खुट्टी मारायची आहे. आपली भाषाच अंगाने बोलते! पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, अंगाचा तिळपापड होतो. ‘मला भय वाटले’ असं घरात कोण म्हणतं? मग परदेशात बेतलेल्या प्रश्नावलीत मराठी माणूस ‘मला शरीरात काय होतं ते कळत नाही’वर खूण करणार आणि अख्ख्या महाराष्ट्राला अलेक्सिथायमिया निघणार. की आपण सगळेच तसे आहोत?

---

सायली_क्लिनिकल

मस्त मुद्दा, आणि अर्धा मान्य. प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत आणताना गडबड होते. विशेषतः तिचा तिसरा भाग, लक्ष बाहेरच्या घटनांकडेच असण्याचा, भाषांतरांत नीट उतरत नाही अशी तक्रार जुनी आहे. काही समाजांत आतलं बोलून न दाखवणं हीच रीत असते, त्यांचे गुण त्यामुळे वाढू शकतात.

पण ‘पोटात गोळा आला’ म्हणणारी बाई सोनोग्राफी करायला जात नाही. तिला पक्कं माहीत असतं की ही भीती आहे आणि कशाची आहे. गोळा हा तिचा शब्द आहे. अलेक्सिथायमिया असलेला माणूस ‘पोटात गोळा आहे’ म्हणतो आणि त्याला खरोखर गोळा म्हणायचा असतो. आपल्या भाषेचा उलट फायदाच करून घेता येतो. मी काही जणांना ‘दुःख, राग, भय’ अशी यादी देण्याऐवजी हेच वाक्प्रचार देते आणि विचारते, यातलं कुठलं जवळचं? ‘उदास’ला नकार देणारा माणूस ‘कसंनुसं’ला मान डोलावतो. तिथून पुढे जाता येतं.

---

टिवल्याबावल्या

‘कसंतरीच होतंय’ हा राष्ट्रीय वाक्प्रचार जाहीर करावा. यात सगळं येतं.

---

निर्मळ

सायलीताई, तुम्ही त्यांच्यासाठी वही दिलीत. माझ्यासारखीला काय? समोरचा वही लिहील तेव्हा लिहील.

---

सायली_क्लिनिकल

निर्मळताई, दुभाषा तुम्ही का व्हायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. होऊ नये असंच मला वाटतं.

जे घडत होतं ते कसं घडत होतं एवढं सांगू शकते. तुम्ही विचारायचात ‘काय वाटतंय?’, त्यांना आत काही सापडायचं नाही, आणि सापडत नाही हे कळून शरीर आणखी ताणायचं. चेहरा कोरा. तुम्हाला तो कोरेपणा बेफिकिरी वाटायचा, म्हणून तुम्ही मोठ्याने विचारायचात. पाठ नाटक नसावी. तेवढं एकच त्यांना वाचता येत होतं.

अशा घरांत मी खुला प्रश्न थोडे दिवस बंद करायला सांगते. ‘काय वाटतंय’च्या जागी ‘मी आत्ता जवळ बसू, की तासाभराने?’ उत्तर हो-नाहीत देता येतं. आणि दुसरी बाजू त्यांची : तुम्ही रडत असाल तर काय वाटतं हे कळायची वाट न बघता येऊन शेजारी बसणं. ते शिकवता येतं. भावना ओळखायला वर्षं लागतील, शेजारी बसायला नाही.

---

निर्मळ

‘शेजारी बसणं शिकवता येतं.’ अठरा वर्षांत शेजारी बसायला मी शंभरदा सांगितलं असेल. बसायचा. सांगितलं की बसायचा. सांगावं लागतं हेच तर दुखणं आहे. असो. तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी.

---

हिशेबनीस

पाच आठवड्यांनी परत आलो. वही लिहिली. एकूण १२६ नोंदी. दुखलेल्या ३१. त्यातल्या काही जशाच्या तशा टाकतो, बायकोची परवानगी घेतली आहे.

*रविवार, रात्री ८.४०. छाती, मधोमध, दाब, ६. आधी : मुलीचा फोन. परीक्षेचं वेळापत्रक सांगितलं, नवीन मैत्रिणीबद्दल सांगितलं, ‘ठेवते बाबा’ म्हणाली. शरीर : तिच्या खोलीत जाऊन पंखा चालू आहे का बघावंसं. (बंद होता.)*

*मंगळवार, दुपारी ३.१५. जबडा, ७. मान. आधी : बैठकीत माझा तक्ता साहेबांनी दुसऱ्याच्या नावाने दाखवला. शरीर : खुर्ची मागे सारून उभं राहावंसं. राहिलो नाही.*

*शुक्रवार, सकाळी ७. पोट, जळजळ, ४. आधी : काही नाही. शरीर : काही नाही.*

*रविवार, रात्री ८.२५. छाती, ५. आधी : फोन आला नाही.*

मी बेरीज मारली. छातीच्या १४ नोंदींपैकी ९ रविवारी संध्याकाळच्या. जबड्याच्या बहुतेक सगळ्या ऑफिसातल्या. पोटाच्या नोंदींना कसलाच आकार नव्हता. डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं, त्यांनी बंद केल्या. पहिले दहा दिवस डोकं जास्तच दुखलं. तिसऱ्या आठवड्यापासून पोटाची नोंद नाही. @डॉ_स्टेथो, धन्यवाद.

छातीच्या उरलेल्या ५ नोंदी कुठे बसवायच्या कळत नाही. दोन जिना चढल्यावरच्या आहेत.

---

डॉ_स्टेथो

त्या दोन मला आवडल्या नाहीत. मागची ट्रेडमिल चाचणी कधीची? तारीख आणि वही घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि ‘जिना चढल्यावर’ हे दोन शब्द पहिल्या वाक्यात सांगा. या आठवड्यात. बहुधा काही निघणार नाही, पण बहुधावर सोडायचं नाही.

---

सायली_क्लिनिकल

आधी डॉक्टर म्हणतात ते करा.

मग एक बघा. रविवारी फोन आला तरी दाब आणि नाही आला तरी दाब. म्हणजे फोन हे कारण नाही. तुमच्या चौथ्या रकान्यात पंखा आहे. त्या खोलीत पंखा चालू असण्याची शक्यता किती होती?

---

हिशेबनीस

शून्य. खोली अकरा महिने बंद आहे.

---

सायली_क्लिनिकल

आता शब्द निवडायचा. तीनच देते, चौथा नाही : काळजी, राग, चुटपुट. जवळचा कुठला? बरोबर-चूक नाही, चुकला तर पुढच्या रविवारी बदलू.

---

हिशेबनीस

दोन दिवस विचार केला. राग नाही. काळजी असती तर तिला फोन करून विचारावंसं वाटलं असतं, तसं नाही. चुटपुट शब्दकोशात बघितला. जवळ आहे, पण नेमका नाही. बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, ‘‘अरे, घर खायला उठतं.’’ तो बसला. चटकन बसला. त्या क्षणी छातीत ३ वरून ५ झालं, कमी झालं नाही. हे उलटं का?

---

गणूमास्तर

म्हणजे माझेच खरे झाले की! वाफ.

---

सायली_क्लिनिकल

नाही मास्तर, थोडे थांबा. 🙂 हिशेबनीस, नाव दिलं की त्या क्षणी वाढणं नेहमीचं आहे. इतके दिवस लक्ष छातीवर होतं, आता बंद खोलीवर गेलं. नाव दिल्याने दुखणं थांबेल असं वचन मी कधीच देत नाही. बघायचं ते हे, की दोन-तीन महिन्यांनी दाब आला तर तुम्ही त्याला किती घाबरता आणि किती वेळ टिकतो.

आणखी एक. सिफ्नियॉस यांच्याही लक्षात आलं होतं की ‘खोलात जाऊन अर्थ शोधू’ छापाची मानसचिकित्सा अशा लोकांना फारशी लागू पडत नाही. ‘यामागे तुमचं बालपण’ वगैरेंनी ते आणखी कोरे होतात. तेव्हा समुपदेशकांनाही ही वही दाखवा, ‘काय वाटलं’च्या जागी त्यांना चौथा रकाना विचारू द्या.

---

निर्मळ

हिशेबनीस, तुमच्या बायकोला विचारा, ते ‘घर खायला उठतं’ तिने तुमच्याबद्दल सांगितलं की स्वतःबद्दल.

---

हिशेबनीस

विचारलं. म्हणाली, स्वतःबद्दल. मी ते माझं समजून उचललं. मग ती म्हणाली, ‘‘घे, दोघांचं.’’

ट्रेडमिल परवा झाली, नॉर्मल. जिन्याच्या नोंदी डॉक्टरांनी लिहून घेतल्या, सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

---

शब्दवेडी

या प्रकाराला मराठी शब्द हवा. ‘भावनांधळेपणा’?

---

सायली_क्लिनिकल

आंधळेपणा नको, दिसत नाही असं नाहीये. ‘अनामभाव’ चालेल का?

---

टिवल्याबावल्या

‘टायर’. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला टायर आहे.

---

हिशेबनीस

टायर चालेल.

शेवटचं एक विचारायचं आहे. काल रविवार होता. फोनवर मी मुलीला ठरवून सांगितलं, तू फोन ठेवलास की माझ्या छातीत दाबल्यासारखं होतं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बाबा, मलाही फोन ठेवला की घसा दुखतो. हॉस्टेलच्या पाण्यामुळे असेल. मी गुळण्या करते, तुम्ही पण करा.’’

हे आनुवंशिक असतं का?

---

सायली_क्लिनिकल

काही अंशी. डेन्मार्कमधे जुळ्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण तिसरा हिस्सा आनुवंशिक निघाला. उरलेला बराचसा ज्याच्या त्याच्या आयुष्यातला. मुलगी किती वर्षांची?

---

हिशेबनीस

सतरा.

---

सायली_क्लिनिकल

मग चाचणी भरायला लावू नका. त्या वयात आकडे डळमळीत येतात आणि लेबल मात्र चिकटतं. घसा तपासून घ्या आधी. तो साफ निघाला तर तिला विचारा, घसा दुखतो तेव्हा काय करावंसं वाटतं.

---

हिशेबनीस

विचारलं. म्हणाली, परत फोन लावावासा.